आधी परत आलेल्या फाइल उघडा

*माझ्या विभागात ३१ जण आहेत. आलेल्या अर्जांची छाननी करून ते पुढे पाठवणं हे आमचं काम. पुढच्या वर्षाच्या प्रशिक्षणाचं बजेट तीन आठवड्यांत द्यायचं आहे. दरवर्षी मी सगळ्यांना ‘तुम्हाला कोणतं प्रशिक्षण हवं?’ असा फॉर्म पाठवते आणि उत्तरं ठरलेली येतात: एक्सेल, संभाषणकौशल्य, नेतृत्व. गेल्या वर्षी सगळ्यांना दोन दिवस एक्सेल शिकवलं, तरी अर्ज पूर्वीइतकेच परत येतात. सहा महिन्यांनी नवी संगणक प्रणालीही येते आहे. या वेळी वरिष्ठांनी बजेटआधी ‘प्रशिक्षणाच्या गरजांचं विश्लेषण’ मागितलं आहे. ते नेमकं करायचं कसं?*
— एक विभागप्रमुख

नमस्कार,

या वर्षी तो फॉर्म पाठवू नका. निदान सुरुवात तरी त्याने करू नका. ‘कोणतं प्रशिक्षण हवं?’ असं विचारलं की माणूस कामात कुठे अडतो ते सांगत नाही, ऐकून माहीत असलेल्या कोर्सची नावं सांगतो. त्यात त्याचा दोष नाही, प्रश्नच तसा आहे. शिवाय एखादी गोष्ट आपल्याला येत नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो ती यादीत लिहिणार कशी? डनिंग आणि क्रुगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली हे तपासलं होतं. त्यांच्या चाचण्यांत सर्वांत खाली राहिलेल्या गटाने स्वतःला सरासरीपेक्षा वरचं मानलं होतं.

मॅकगी आणि थेअर यांनी १९६१ साली या विश्लेषणाचे तीन थर सांगितले, ते आजही वापरात आहेत. कामाचं नुकसान कुठे होतंय, ते काम नीट करायला नक्की काय यावं लागतं, आणि ते कोणाला येत नाही. तुमचा फॉर्म थेट तिसऱ्या थरावर उतरतो, आणि तिथेही माणसाचं काम न पाहता त्याचं मत विचारतो. तुमच्या हातात पहिल्या थराचा उत्तम पुरावा आहे: परत आलेले अर्ज. सुरुवात तिथूनच करा.

हे कसं चालतं ते मी स्वतः केलेल्या एका कामावरून सांगते. पुरवठादारांची बिलं तपासून पुढे मंजुरीला पाठवणारा तो विभाग होता. २४ माणसं, महिन्याला साधारण १,९०० बिलं, आणि त्यातली २१० च्या आसपास पुढच्या टेबलावरून परत यायची. तिथेही सगळ्यांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण जवळपास ठरलं होतं.

आम्ही मागच्या तीन महिन्यांत परत आलेली बिलं घेतली. ती सुमारे ६३० होती, म्हणून दर पाचवी फाइल काढली. संगणकात ‘परत पाठवण्याचं कारण’ असा रकाना होता, पण तो पाहून काहीच कळेना. बहुतेक ठिकाणी नुसतं ‘त्रुटी’ किंवा ‘अन्य’ असं निवडलेलं. हे तुमच्याकडेही दिसेल. त्यामुळे रकान्यावर न थांबता फाइल उघडायची, पुढच्या टेबलावरचा शेरा वाचायचा आणि एका ओळीत साध्या भाषेत लिहायचं: नक्की काय चुकलं? काही फाइलींवर शेराच नव्हता, त्या सोडल्यावर १२० उरल्या. दोघांना दोन दिवस लागले.

ओळी लिहून झाल्या की सारख्या ओळी एकत्र करायच्या. कप्पे आधी ठरवू नका. आधी ठरवले की आपल्या मनात असलेलंच सापडतं. आमच्या १२० पैकी ४६ बिलांवर लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खात्यात धरायचा ते, चुकीचं टाकलं होतं. ३१ बिलांना आवश्यक कागद जोडलेला नव्हता. २२ बिलांची रक्कम पर्चेस ऑर्डरशी जुळत नव्हती. उरलेली किरकोळ.

इथे थांबून ‘लेखाशीर्षाचं प्रशिक्षण, कागदपत्रांचं प्रशिक्षण, पर्चेस ऑर्डरचं प्रशिक्षण’ असं लिहून टाकायचा मोह होतो. बहुतेक बजेटं इथेच बिघडतात. चूक कोणती हे कळलं म्हणजे कारण कळलं असं नाही. प्रत्येक ढिगाला एकच प्रश्न विचारायचा: समजा या माणसाचं सगळं पणाला लागलं, तर त्याला हे काम बरोबर करता येईल का? येत असेल, तर त्याला शिकवून काही मिळणार नाही. त्याला येतं. मग अडथळा दुसरीकडे आहे, आणि तो शोधायचा.

कागद न जोडलेली ३१ बिलं घ्या. ती सगळ्यांची होती, नव्या-जुन्या कुणाचीही. आम्ही सहा जणांना त्यांच्या टेबलावर जाऊन विचारलं, या प्रकारच्या बिलाला काय काय जोडायचं? सहाही जणांनी यादी न अडखळता सांगितली. मग तारखा पाहिल्या. ३१ पैकी २२ बिलं महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतली होती. त्या तीन दिवसांत बिलांचा ढीग लागायचा आणि संगणक कागद जोडलेला नसतानाही बिल पुढे जाऊ द्यायचा. याला औषध म्हणजे कागदाशिवाय बिल पुढे न सरकवणारी एक तपासणी, आणि महिनाअखेरीची गर्दी आधीच्या आठवड्यात पसरवणं. प्रशिक्षणाच्या बजेटमध्ये या ढिगाला एक पैसाही द्यायचा नव्हता.

रकमेची २२ बिलं आणखी शिकवणारी निघाली. त्यातल्या १४ मध्ये ऑर्डर नंतर बदलली होती आणि बदलाचं पत्र या विभागाकडे पोचलंच नव्हतं. लोक जुनी रक्कम पाहून अगदी बरोबर काम करत होते. थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये कामगिरीचा जो आराखडा मांडला, त्यात माणसाच्या ज्ञानाकडे वळण्याआधी त्याला मिळणारी माहिती, साधनं आणि मोबदला पाहायला सांगितलं आहे. ही १४ बिलं म्हणजे त्याचं सरळ उदाहरण: माहितीच आली नाही. उरलेल्या ८ मध्ये मात्र माल टप्प्याटप्प्याने आला होता आणि आतापर्यंत किती रक्कम दिली गेली हे काढताना गोंधळ झाला होता. हे खरंच न येणं होतं. म्हणजे वरून एकसारख्या दिसणाऱ्या एकाच ढिगात दोन वेगळी कारणं होती. म्हणूनच ढिगाचं नाव पाहून निर्णय घेऊ नका. प्रत्येक मोठ्या ढिगातल्या पाच-सहा फाइल पुन्हा हातात घ्या आणि ज्याने त्या केल्या त्याच्या शेजारी बसा.

शेजारी बसताना ‘तुम्हाला काय अडचण येते?’ असं विचारू नका. त्याची एक परत आलेली फाइल समोर ठेवा आणि म्हणा, ‘ही तुम्ही कशी केली ते मला दाखवा.’ मग गप्प बसा. लेखाशीर्षाच्या बाबतीत एका नव्या मुलीने हे दाखवलं तेव्हा आम्हाला सगळं उमगलं. ती बिलावरचं वर्णन वाचायची, त्यातला पहिला शब्द संगणकात टाइप करायची आणि यादीत सर्वांत वर जे शीर्ष येईल ते निवडायची. ‘दुरुस्ती’ लिहिलं की जे पहिलं येतं ते. दुरुस्तीने वस्तूचं आयुष्य वाढतं की ती फक्त पूर्ववत होते, यावर शीर्ष बदलतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. असा नेमका तुटलेला दुवा फॉर्ममध्ये कधीच उतरला नसता. तिने फॉर्मवर ‘ॲडव्हान्स्ड एक्सेल’ लिहिलं असतं.

आता ‘कोणाला’ हा प्रश्न. ४६ चुकीच्या लेखाशीर्षांपैकी ३३ पाच नव्या माणसांची होती. इथे एक धोका आहे तो नीट पाहा. चुकांची नुसती संख्या मोजली तर सर्वांत वाईट दिसत होत्या एक ज्येष्ठ बाई. १२० परत फाइलींत १४ एकट्या त्यांच्या. पण इतरांना महिन्याला सरासरी ७४ बिलं यायची आणि त्या २०० करायच्या, वर बरीचशी किचकट बिलं त्यांच्याकडेच. एकूण कामाशी ताडून पाहिलं तर त्यांचं परतीचं प्रमाण विभागाच्या सरासरीजवळच होतं. त्यांना वर्गात बसवलं असतं तर विभागाचा सर्वांत चांगला हात दोन दिवस थांबला असता, आणि त्यांचा अपमान झाला असता तो वेगळा. तेव्हा ‘किती चुका’ याच्या शेजारी ‘किती कामात’ हा आकडा नेहमी लिहा.

मग आम्ही सगळ्यांची एक छोटी चाचणी घेतली. जुनी दहा खरी बिलं, ज्यांची बरोबर शीर्षं आम्हाला माहीत होती. नाव आणि रक्कम झाकलेली, नेहमीचाच संगणक, वेळ अर्धा तास. दहापैकी नऊ बरोबर म्हणजे येतं, असं आधीच ठरवलं. २४ पैकी १६ जण नऊ किंवा दहावर गेले. पाच नवे चार ते सहाच्या दरम्यान. आणि तीन जुने लोक सातवर थांबले, ज्यांच्याकडे आमचं लक्षही गेलं नसतं. त्यातल्या एकाने आदल्या वर्षीच्या फॉर्मवर ‘गरज नाही’ असं लिहिलं होतं. म्हणजे लेखाशीर्ष शिकवायची माणसं आठ. चोवीस नव्हेत.

या चाचणीबद्दल एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, कारण मी त्यात एकदा चुकले आहे. निकाल अप्रेझलमध्ये जाणार नाहीत हे लेखी सांगा आणि ते पाळा. आधीच्या एका ठिकाणी मी तोंडी शब्द दिला होता, पण वरच्यांनी ते गुण मागवून वार्षिक शेऱ्यात वापरले. पुढच्या वर्षी त्याच चाचणीत सगळ्यांना दहापैकी दहा पडले. लोकांनी एकमेकांना उत्तरं दिली होती, आणि मी त्यांना चूक म्हणू शकले नाही. त्या विभागात खरी गरज कळायचा मार्ग तिथून पुढे बंद झाला. वरिष्ठांकडून आधी होकार घ्या. तो मिळत नसेल तर चाचणी नावाशिवाय घ्या. मग कोण ते कळणार नाही, पण किती ते कळेल, आणि बजेटला तेवढंही बरंच पुरतं.

आता पैसे. बजेटमध्ये लोक फक्त प्रशिक्षकाची फी धरतात. खरा मोठा खर्च माणसं कामावरून उठवण्याचा असतो, तो आधी तासांत मांडा. मूळ बेत होता २४ जण, दोन दिवस, दिवसाचे सात तास: ३३६ तास, आणि बाहेरच्या प्रशिक्षकाची फी वेगळी. आमच्या विश्लेषणानंतर उरलं ते असं: आठ जण, दीड-दीड तासाच्या चार बैठका, म्हणजे ४८ तास. शिकवायला त्याच ज्येष्ठ बाई, त्यांची तयारी आणि शिकवणं धरून १६ तास. नंतरच्या आठवड्यांत प्रत्येकाची काही बिलं त्यांनी सोबत तपासायची, त्याचे ८. एकूण ७२. बाईंचे तास बजेटमध्ये स्पष्ट लिहिले आणि तेवढी बिलं त्यांच्याकडून काढून घेतली. हे केलं नाही की शिकवणारा माणूस तिसऱ्या बैठकीला येतच नाही.

दुसऱ्या बाजूला चुकीची किंमत. परत आलेलं एक बिल पुन्हा नीट करायला सरासरी चाळीस मिनिटं जात होती. हे आम्ही दहा बिलांवर घड्याळ लावून पाहिलं. लेखाशीर्षाच्या चुका महिन्याला सुमारे ८०, म्हणजे ५३ तास दर महिन्याला वाया. सगळ्या चुका जातील असा दावा आम्ही केला नाही. निम्म्या गेल्या तरी ७२ तास तीन महिन्यांच्या आत भरून निघत होते. वरिष्ठांपुढे एवढी एकच ओळ ठेवली आणि त्यावर दुसरा प्रश्न आला नाही. तुमचा आकडा वेगळा येईल, कदाचित असा गोड येणारही नाही. एखाद्या चुकीची किंमत शिकवण्याच्या खर्चापेक्षा कमी निघाली तर ती चूक तूर्त सोडून द्या, आणि सोडली आहे असं टिपणात लिहा.

टप्प्याच्या मालाच्या त्या ८ बिलांसाठी वर्ग घेतलाच नाही. असं बिल ज्याच्याकडे येतं त्याला ते क्वचितच दिसतं. जे वर्षातून दोनदा लागतं ते शिकवलं तरी वापरायच्या वेळी आठवत नाही. तिथे एक पानी कोष्टक पुरलं: आलेला माल, दिलेली रक्कम, बाकी. काय शिकवायचं आणि काय कागदावर लिहून समोर ठेवायचं हे ठरवताना तीन गोष्टी पाहा: ते किती अवघड आहे, चुकलं तर किती नुकसान, आणि किती वेळा लागतं. अवघड, महत्त्वाचं आणि रोजचं असेल तर वर्ग आणि सराव. अवघड पण क्वचित लागणारं असेल तर समोर कागद हवाच. आणि चूक एकदाही परवडणारी नसेल तर त्याच्या जोडीला ठरावीक काळाने उजळणी.

हाच निकष तुमच्या नव्या प्रणालीला लावा. तिथे चुका अजून झालेल्याच नाहीत, त्यामुळे जुन्या फाइल काही सांगणार नाहीत. प्रणाली बसवणाऱ्यांकडून ‘काय काय बदलणार’ याची कामांच्या भाषेत यादी मागा. त्यांच्याकडे बहुधा मेनूंची यादी असेल, ती नको. अर्ज परत कसा पाठवायचा, दोन अर्ज एकत्र कसे करायचे, चुकून मंजूर झालेला मागे कसा घ्यायचा, अशी यादी हवी. त्यातली जी कामं आजच्यासारखीच राहणार ती खोडा. उरलेल्यांना अवघड-महत्त्वाचं-वारंवार हे तीन प्रश्न लावा. पैसे राखून ठेवा, पण वर्ग प्रणाली हाती येण्याच्या आठवड्यात किंवा त्याच्या अगदी आधी लावा. सहा महिने आधी शिकवलेलं, हाताला काम न मिळाल्यामुळे, त्या दिवसापर्यंत उरत नाही. आणि अशा तारखा पुढे ढकलल्या जातात, म्हणून ही रक्कम बजेटमध्ये ‘प्रणाली सुरू होण्याशी बांधलेली’ म्हणून वेगळी दाखवा.

नेतृत्व आणि संभाषणकौशल्य मागणाऱ्यांचं काय करायचं, हेही तुमच्या मनात असेल. त्यांची मागणी टाकाऊ नाही. माणसाला पुढे जायचं असतं आणि विभागाने त्यासाठी काही ठेवावं. फक्त त्याला ‘गरज’ म्हणू नका. ‘कर्मचाऱ्यांचा विकास’ अशी वेगळी ओळ करा आणि त्यातून परत येणाऱ्या अर्जांची संख्या कमी होईल असं आश्वासन कुणालाही देऊ नका. गेल्या वर्षीच्या एक्सेलचं तेच झालं. ज्यांना हवं होतं त्यांना ते मिळालंही असेल, पण अर्ज एक्सेल न आल्यामुळे परत येत नव्हते.

तीन आठवडे पुरतील. पहिल्या आठवड्यात दर पाचवा किंवा दहावा परत आलेला अर्ज, शंभरेक होतील असे, आणि अर्ज ज्यांच्याकडून परत येतात त्या टेबलावरच्या दोघांशी अर्धा-अर्धा तास बोलणं. त्यांना तुमच्या विभागाच्या चुका तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतात. दुसऱ्या आठवड्यात मोठ्या दोन-तीन ढिगांपुरतं शेजारी बसणं आणि चाचणी. तिसऱ्यात तास आणि पैसे. सगळे ढीग तपासायला जाऊ नका. पहिले तीन पुरेत. बाकीच्यांना हात लावायला वेळ नव्हता हे टिपणात स्वच्छ लिहा.

टिपणात आणखी एक भाग हवा: ज्या कारणांवर प्रशिक्षण हा उपाय नाही त्यांची यादी, प्रत्येकासमोर ते कोणी सोडवायचं त्याचं नाव. आमच्या टिपणात कागदांची तपासणी संगणक विभागाच्या नावे होती आणि बदललेल्या ऑर्डरची पत्रं खरेदी विभागाच्या नावे. तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा दर पाचवी परत फाइल काढली. त्या महिन्यांत बिलं जवळपास तेवढीच झाली होती. लेखाशीर्षाच्या चुका ४६ वरून १९ वर आल्या होत्या. कागद न जोडलेली बिलं ३१ वरून २७, म्हणजे जवळपास जिथल्या तिथे, कारण संगणकातली ती तपासणी अजून बसवलीच गेली नव्हती. बैठकीत कुणीतरी विचारलं की प्रशिक्षण देऊनही कागद का राहतात. आम्ही टिपणातलं ते पान उघडून समोर ठेवलं, आणि संगणक विभागाने तिथेच तारीख दिली.